दुसऱ्यांचे हिशेब घरी बसून लिहिताना

वाचकाचे पत्र: मला लहानपणी पोलिओ झाला आणि डाव्या पायाला कॅलिपर आहे. वयाच्या चाळिशीनंतर उजवा पायही लवकर थकू लागला आहे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही आणि एक दिवस प्रवास घडला, तर पुढचा दिवस अंथरुणात जातो. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि एका दुकानात काही वर्षे बिले करत होते. जाणे-येणे झेपेना म्हणून ती नोकरी सोडली. कोणी शिवणकाम सुचवते, कोणी खाद्यपदार्थ, कोणी ऑनलाईन वस्तू विकायला सांगते. भांडवल थोडेच आहे. घरातून काय करावे, हे कृपया सविस्तर सांगाल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सुचवलेले तिन्ही व्यवसाय घरातूनच चालतात, पण तुमच्यासाठी तेवढी एकच कसोटी पुरेशी नाही. आणखी दोन प्रश्न विचारावे लागतील. त्या व्यवसायात जागेवरून काय हलते, वस्तू की माहिती? आणि एखाद्या दिवशी शरीराने नकार दिला, तर ते काम दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकते का?

खाद्यपदार्थांचे काम या दोन्ही प्रश्नांवर अडते, कारण ते ओट्यापाशी उभे राहून करायचे असते आणि दिलेली वेळ पुढे ढकलता येत नाही. वस्तूंच्या ऑनलाईन विक्रीत पडद्यावरचे काम थोडे आणि खोक्यांचे काम फार असते. माल उतरवून घेणे, मांडणे, बांधणे, पाठवणे आणि परत आलेला माल पुन्हा तपासून ठेवणे हे सगळे कोणीतरी करावे लागते, आणि ते तुम्ही करायचे नसेल, तर पगारी माणूस ठेवणे आले. शिवणकामाबद्दल माझे मत इतके कठोर नाही. पायाऐवजी हाताच्या बटणाने चालू-बंद होणारी शिवणयंत्रे मिळतात, आणि कपडे उसवून मापात बसवून देण्याचे काम बसून होते. नवे कपडे शिवायचे तर मात्र मोठ्या टेबलावर कापड पसरून, वाकून बेतावे लागते, आणि सर्वांत जास्त उभे राहणे त्यातच होते. बेतून देणारा साथीदार घरातच असेल, तर शिवणकाम जमू शकते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. तुम्ही वाणिज्य शिकला आहात आणि दुकानाची बिले आतून पाहिली आहेत. म्हणून मी एकच पर्याय नीट मांडतो, तो म्हणजे लहान व्यावसायिकांचे हिशेब घरी बसून लिहून देणे. या कामात हलते ती माहिती. काम दर महिन्याला परत येते, त्यामुळे रोज नवे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. आणि एखादा दिवस वाया गेला, तरी ग्राहकाला कळणारही नाही, मात्र त्यासाठी महिन्याची आखणी मी पुढे सांगतो तशी हवी.

प्रथम कामाची सीमा ठरवा, कारण या व्यवसायात भांडणे बहुतेक सीमेवरच होतात. तुम्ही विक्री, खरेदी, खर्च आणि बँकेतील व्यवहार यांच्या नोंदी कराल, खतावणी कराल, बँकेशी मेळ घालाल आणि महिनाअखेर सर्व खात्यांच्या शिलकांचे तेरीज पत्रक व येणे-देण्याची यादी द्याल. लेखापरीक्षण, प्रमाणपत्रे आणि ग्राहकाच्या वतीने कर-विवरण भरणे ही कामे घेऊ नका. त्यांना लागणारी पात्रता आणि परवाने ठिकाणानुसार बदलतात आणि त्यातील चुकीची किंमत मोठी असते. तुमचे तेरीज पत्रक ग्राहकाच्या कर-सल्लागाराकडे जाईल आणि पुढचे तो पाहील. दुसरी सीमा पैशाची आहे. ग्राहकाच्या बँक खात्याचा पासवर्ड घेऊ नका, आणि त्याने आपणहून देऊ केला तरी नाकारा. जो हिशेब लिहितो त्याने पैसे द्यायचे नसतात, हा हिशेबाच्या धंद्यातला जुना संकेत आहे आणि तो लिहिणाऱ्यालाही संशयापासून वाचवतो. बँकेचा उतारा ग्राहकाने स्वतः उतरवून तुम्हाला पाठवावा, किंवा बँक देत असेल तर तुम्हाला केवळ पाहण्यापुरता प्रवेश द्यावा.

आता कागदांबद्दल. बिलांची खोकी घरी येऊ देऊ नका. खोकी उचलावी लागतात, कागद जमिनीवर पसरून वाकून लावावे लागतात आणि शेवटी ती परत पोचवायला कोणीतरी जावे लागते, म्हणजे जे टाळायचे तेच मागच्या दाराने घरात येते. ग्राहकाला सुरुवातीलाच सांगावे की प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायचा, मूळ कागद त्याच्याकडेच तारखेनुसार राहील. फाईलला नाव तुम्ही द्या, आणि ते एकाच पद्धतीने द्या. तारीख, समोरचा पक्ष किंवा माल, रक्कम असा क्रम ठेवला, की फाईली आपोआप तारखेने लागतात आणि नेमका कागद शोधायला क्षणभर पुरतो:

`2025-03-14_suta-bhag_4840`

आता एका ग्राहकाचा महिना आकड्यांसकट पाहू. समजा, सायकली दुरुस्त करणारे आणि सुटे भाग विकणारे एक दुकान आहे. मालक हुशार आहे, पण वही लिहिण्याचा त्याला कंटाळा. तो तुम्हाला रोजच्या विक्रीची बेरीज, खरेदीची बिले आणि बँकेचा उतारा पाठवतो. तुम्ही सर्व नोंदी केल्या आणि महिनाअखेर तुमच्या रोकडवहीच्या बँक रकान्यात शिल्लक आली ४८,३५०. बँकेचा उतारा म्हणतो ५१,९४०. नवशिका लेखनिक इथे घाबरतो आणि फरक कुठेतरी ‘संकीर्ण’मध्ये टाकून आकडे जुळवतो. तसे कधीही करू नका. बँक जुळवणी पत्रक याच फरकासाठी असते, आणि ग्राहक तुम्हाला मोबदला देतो तो मुख्यतः याच कामाचा.

दोन याद्या समोरासमोर ठेवून जुळणाऱ्या रकमांवर खूण करत जायचे. खुणा झाल्या की जे उरते त्यातच फरक असतो. या दुकानात उरलेल्यांतल्या चार गोष्टी लगेच ओळखू आल्या. पुरवठादाराला दिलेला ६,२०० चा धनादेश त्याने अजून बँकेत भरलेला नाही. तुमच्या वहीत पैसे गेले, बँकेच्या लेखी अजून आहेत, म्हणून बँकेची शिल्लक तेवढी जास्त दिसते. मालकाने शेवटच्या दिवशी भरलेला ३,५०० चा धनादेश अजून वटलेला नाही, म्हणून बँकेची शिल्लक तेवढी कमी दिसते. बँकेने १५० शुल्क कापले, ते वहीत नाही. आणि एका गिऱ्हाइकाने १,४०० थेट खात्यात जमा केले, तेही वहीत नाही. आता वहीच्या ४८,३५० मध्ये ६,२०० मिळवा, ३,५०० वजा करा, १५० वजा करा, १,४०० मिळवा. उत्तर येते ५२,३००, आणि बँक म्हणते ५१,९४०. अजून ३६० चा फरक आहे.

उरलेल्या फरकाला प्रथम ९ ने भागून पाहा. ३६० ला ९ ने भागले की बाकी न उरता ४० येतात. दोन शेजारचे अंक लिहिताना उलटे पडले, तर पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. शिवाय भागाकार कुठे पाहायचे तेही सांगतो. ४० म्हणजे चार दहा, म्हणून उलटे पडलेले अंक दशक आणि शतक स्थानी असणार आणि त्यांच्यात ४ चा फरक असणार. अशी रक्कम शोधत गेलात, की सुट्या भागांचे एक बिल सापडते. बँकेतून गेले ४,८४०, आणि वहीत लिहिले गेले ४,४८०. ५२,३०० मधून ३६० गेले, की ५१,९४० उरतात आणि मेळ बसतो.

ही युक्ती फक्त दिशा दाखवते. पुरावा म्हणून ती पुरेशी नाही. शेवटचे शून्य जास्त पडले, म्हणजे ४० ऐवजी ४०० लिहिले गेले, तरी फरक ३६० च येतो, म्हणून तोही संशयित मनात ठेवावा. आणि दोन वेगळ्या चुकांची बेरीज योगायोगानेही ९ च्या पटीत येऊ शकते. म्हणून मूळ बिल डोळ्यांसमोर येईपर्यंत दुरुस्तीची नोंद करायची नाही. फरक ९ ने भागला जात नसेल, तर त्याची निम्मी रक्कम शोधा, कारण जमेची रक्कम खर्चाकडे पडली की फरक दुप्पट होतो. तेही नसेल, तर त्याच रकमेची एखादी नोंद पूर्णच राहून गेली आहे का किंवा दोनदा झाली आहे का, हे पाहायचे.

मेळ बसल्यावर वहीत काय दुरुस्त करायचे आणि काय तसेच ठेवायचे, हा भेद अनेकांकडून चुकतो. बँकेचे शुल्क, थेट जमा झालेले १,४०० आणि उलट्या अंकांची चूक, या तीन गोष्टी वहीत नोंदवायच्या. ४८,३५० मधून १५० गेले, १,४०० आले, ३६० गेले, म्हणजे वहीची खरी शिल्लक ४९,२४०. दोन्ही धनादेशांना मात्र हात लावायचा नाही, कारण तुमची वही त्यांच्याबाबत बरोबरच आहे, बँकेपर्यंत ते पोचायचे आहेत एवढेच. बँकेच्या ५१,९४० मधून ६,२०० वजा करून ३,५०० मिळवले, तरी ४९,२४० च येतात. पुढच्या महिन्यात हे दोन धनादेश उताऱ्यावर उतरले की नाही, हे सर्वांत आधी पाहायचे. पुरवठादाराचा धनादेश दोन-तीन महिने लटकत राहिला, तर मालकाला विचारा. तो हरवलेला असतो, किंवा देऊन परत घेतलेला असतो आणि मालक सांगायला विसरलेला असतो.

या दुकानाच्या रोखीच्या व्यवहारात आणखी एक खूण पाहून ठेवा. रोकड शिल्लक कधीही उणे असू शकत नाही, कारण गल्ल्यात नसलेले पैसे कोणालाही देता येत नाहीत. वहीत एखाद्या दिवशी रोकड उणे दिसली, तर तीनपैकी एक कारण बहुधा असते. विक्री नोंदायची राहिली, मालकाने स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि सांगितले नाही, किंवा खर्चाची तारीख चुकली. याउलट रोकड महिनोन्महिने फुगत चालली असेल आणि गल्ला मात्र रिकामा असेल, तर बहुधा मालक घरखर्चासाठी पैसे उचलतो आहे आणि त्याची नोंद होत नाही. ती रक्कम ‘उचल’ म्हणून लिहायची असते, धंद्याचा खर्च म्हणून नाही. हे विचारताना सूर सांभाळावा लागतो. बहुतेक मालकांना त्यात काही चूक वाटत नाही, आणि चूक नसतेही, फक्त ती नोंद योग्य खात्यात हवी.

ज्या रकमेचा खुलासा मिळत नाही ती उचंत खात्यात ठेवावी, आणि त्या खात्यातील प्रत्येक रकमेबद्दल मालकाला आठवड्याला एकच संदेश पाठवावा, पाच वेगवेगळे नव्हे. उचंत खाते हे तुमच्या कामाची तब्येत सांगते. महिनाअखेर ते रिकामे होत असेल, तर ग्राहक चांगला आहे. ते दर महिन्याला वाढत असेल, तर ग्राहक कागद देत नाही, आणि वर्षअखेर त्याचा सगळा गोंधळ तुमच्या माथी येणार आहे. अशा ग्राहकाचे काम दोन महिन्यांनंतर सोडून देणे परवडते. हे वाचायला कठोर वाटेल, पण ज्यांच्याकडे कामाचे तास मोजकेच आहेत, त्यांनी ते दुसऱ्याची बिले शोधण्यात घालवू नयेत.

तासांचा हिशेब तर तुम्ही सर्वांत आधी करायला हवा. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी, बहुधा १५ ते ४० वर्षांनी, काही जणांच्या स्नायूंमध्ये नव्याने अशक्तपणा येतो आणि थकवा वाढतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तुम्हाला तेच आहे की आणखी काही, हे तपासून डॉक्टरच सांगू शकतील, आणि उजव्या पायाची तक्रार नवी असल्याने ती तपासणी लांबवू नये असे मला वाटते. या अवस्थेत नेटाने रेटत राहण्यापेक्षा कामाचे लहान तुकडे करून, थकण्याआधीच विसावा घेण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. व्यवसायाची आखणीही त्यावरच बेतावी लागेल. ‘आज बरे वाटते म्हणून सहा तास बसले’ हा दिवस पुढचे दोन दिवस खाऊन टाकतो, आणि प्रवासाच्या बाबतीत हे तुम्ही अनुभवलेच आहे.

दोन आठवडे केवळ नोंद ठेवा: सलग किती वेळ बसता येते, दिवसात असे किती तुकडे होतात, कोणत्या वेळी आकड्यांत चुका होऊ लागतात. समजा, ४५ मिनिटांचे चार तुकडे जमतात, म्हणजे दिवसाला ३ तास. महिन्याचे २२ दिवस धरले, तर ६६ तास होतात. त्यातले एक तृतीयांश वाईट दिवसांसाठी बाजूला काढा, म्हणजे विकायला ४४ तास उरले. आता कामाकडून पाहू. सायकलच्या दुकानाच्या महिन्याला २४० नोंदी होतात आणि सराव झाल्यावर तुम्ही तासाला ३० नोंदी करता असे धरले, तर नोंदींना ८ तास लागतील. बँकेचा मेळ, उचंत खात्याची विचारपूस आणि महिनाअखेरचे पत्रक यांना आणखी ४ तास धरा. एका ग्राहकाचे १२ तास झाले. असे तीन ग्राहक ३६ तासांत बसतात. चौथा घेतला तर ४८ होतात, म्हणजे राखीव तासांना हात लागतो. माझ्या मते तीनवर थांबावे आणि चौथा ग्राहक वर्षभर सगळे सुरळीत चालल्यावर घ्यावा. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण हा हिशेब केल्याशिवाय पहिल्या ग्राहकालाही होकार देऊ नये.

याच कारणाने मोबदला तासावर न ठरवता नोंदींच्या संख्येवर ठरवा. तासावर ठरवला तर तुमचा वेग वाढला की कमाई घटते, आणि घेतलेल्या विसाव्याचा खुलासा देण्याची वेळ येते. ‘महिन्याला २५० नोंदींपर्यंत इतके, त्यापुढील प्रत्येक ५० नोंदींना इतके जास्त’ असा करार दोघांनाही समजतो, आणि दुकान वाढले तर तुमचा मोबदला न मागता वाढतो. बिल महिन्याच्या सुरुवातीला द्यावे. काम आधी आणि पैसे नंतर, अशी सवय लागली की दुसऱ्यांची येणी लिहिता लिहिता स्वतःची येणी थकतात.

महिनाअखेरची गर्दी हा या व्यवसायाचा खरा शत्रू आहे, कारण तिन्ही मालक एकाच तारखेला हिशेब मागतात. उपाय दोन आहेत आणि दोन्ही सुरुवातीलाच करारात घालावे लागतात. पहिला उपाय असा की कागद महिन्याला एकदा न घेता दर आठवड्याला घ्यायचे. २४० नोंदी चार आठवड्यांत वाटल्या, की आठवड्याला ६० येतात आणि एका ग्राहकाचे त्या आठवड्याचे नोंदींचे काम दोन तासांत संपते. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येकाला पत्रक देण्याची तारीख वेगळी ठेवणे. एकाला ५ तारीख, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ११. कर भरण्याची मुदत पाहून हे ठरवावे लागेल, पण ज्याची मुदत सर्वांत आधी येते त्याला पहिली तारीख दिली, की सहसा जमते.

बसण्याच्या जागेवर थोडा खर्च करा, बाकी खर्च टाळा. उंची बदलता येणारी, पाठीला आणि हातांना आधार देणारी खुर्ची घ्या आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली आधार ठेवा. कॅलिपर लावून बसायचे की काढून, आणि गुडघा कोणत्या कोनात ठेवायचा, हे फिजिओथेरपिस्टला तुमच्या खुर्चीचा फोटो दाखवून विचारा, कारण यात एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. बसून राहण्याचेही दुखणे असते, म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर आडवे होण्याची सोय त्याच खोलीत हवी. संगणक साधा चालेल. अंकांची वेगळी पट्टी असलेला कीबोर्ड आणि दुसरा पडदा मात्र घ्या. एका पडद्यावर बिल आणि दुसऱ्यावर वही असली, की मान सतत वर-खाली करावी लागत नाही आणि अंक उलटे पडण्याच्या चुकाही कमी होतात. हिशेबाची प्रणाली ग्राहकाचा कर-सल्लागार जी वापरतो तीच शिका, मग ती तुम्हाला आवडो वा न आवडो.

ग्राहकांची माहिती त्यांच्या विश्वासाने तुमच्याकडे असते, म्हणून घरातला संगणक सामाईक असेल तर तुमच्या कामासाठी वेगळे लॉग-इन करा आणि त्याला पासवर्ड ठेवा. सर्व हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाऊडवर, असावी. अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ऐन वेळी उघडत नाही, हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतला आहे.

सुरुवात करताना ग्राहक शोधायला फिरू नका. ज्या दुकानात तुम्ही बिले करत होतात, त्या मालकाकडे एका संपलेल्या महिन्याचे कागद मागा, ज्याचा हिशेब आधीच पूर्ण झाला आहे. तो महिना तुम्ही घरी नव्याने लिहा आणि मूळ पत्रकाशी ताडून पाहा. यात कोणाचेही नुकसान होण्याची भीती नसते, तुमचा खरा वेग कळतो आणि कोणत्या प्रकारच्या नोंदीत तुम्ही अडखळता तेही कळते. असे दोन-तीन महिने लिहून झाले, की ते नमुने, मालकाच्या परवानगीने आणि नावे-आकडे बदलून, कर-सल्लागारांना पाठवा. त्यांच्याकडे वर्षअखेर पिशवीभर सुट्या पावत्या घेऊन येणारे ग्राहक असतात, आणि आधीच नीट लिहून आलेला हिशेब त्यांचाही वेळ वाचवतो. एका सल्लागाराचा तुमच्या तेरीज पत्रकावर विश्वास बसला, तर तीन ग्राहक त्याच्याकडूनच येऊ शकतात आणि भेटी फोनवर होऊ शकतात. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे मात्र त्यांना सांगू नका. एखादी नोंद पूर्णच राहिली किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्रखरेदीत पडला, तरी तेरीज बिनबोभाट जुळते, आणि हे त्यांना चांगले ठाऊक असते.

तुम्हाला आकड्यांचा कंटाळा असेल, किंवा एकच काम बारकाईने पुन्हा तपासण्याने चिडचिड होत असेल, तर हा पर्याय सोडून द्या आणि साथीदारासह कपडे मापात करून देण्याचा विचार करा. पत्रावरून मला तसे वाटले नाही.

एक व्यवस्था पहिल्या ग्राहकाच्या आधीच करून ठेवा. हेच काम घरून करणारी दुसरी एखादी व्यक्ती शोधा आणि एकमेकांच्या आजारपणात एकमेकांचे काम सांभाळण्याचे ठरवा. ग्राहकाच्या करारात तिचा उल्लेख करून त्याची लेखी संमती घ्या, कारण त्याचे कागद ती पाहणार आहे. दोघींनी फाईलींना नावे देण्याची आणि उचंत खाते लिहिण्याची पद्धत एकच ठेवा, आणि प्रत्येक ग्राहकाबद्दल एका पानाचे टिपण तयार ठेवा: कोणत्या बँकेत खाती आहेत, पुरवठादार कोण, पत्रक कोणत्या तारखेला द्यायचे, कोणत्या रकमा अजून लटकत आहेत. हे टिपण दर महिन्याचा बँकेचा मेळ बसला की लगेच नवे करावे, तेव्हा सगळे डोळ्यांसमोर असते आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.